रात्री आम्लपित्त का बळावते? जेवणाची वेळ, पलंगाचा उतार आणि डावी कूस यांचा परिणाम

नवी दिल्ली : दिवसभर फारसा त्रास नसतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यानंतर तासा-दीड तासाने मात्र छातीच्या मधोमध जळजळ सुरू होते, घशाशी आंबट पाणी येते आणि झोप मोडते. अशा वेळी बहुतेक घरांत दोष त्या दिवशीच्या मिसळीला, लोणच्याला किंवा चहाला दिला जातो. दुसऱ्या दिवसापासून पथ्य सुरू होते, पण आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार घडतो.

या अनुभवामागे शरीराची एक साधी यंत्रणा आहे. जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या क्रियेला वैद्यकात रिफ्लक्स म्हणतात. झोपेत हे आम्ल दिवसापेक्षा अधिक वेळा वर येते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्ष मोजमापांतून दिसते ते उलटे : गाढ झोपेत आम्ल वर येण्याचे प्रसंग दिवसाच्या तुलनेत कमी असतात. मात्र जे वर येते ते लवकर खाली जात नाही. दिवसा मिनिटा-दोन मिनिटांत धुऊन निघणारे आम्ल रात्री कितीतरी अधिक काळ अन्ननलिकेच्या अस्तराला लागून राहते. म्हणूनच कोणता पदार्थ टाळावा यापेक्षा केव्हा जेवावे, कसे झोपावे आणि पोटावर किती दाब पडतो, हे प्रश्न रात्रीच्या त्रासात अधिक महत्त्वाचे ठरतात.

झडप कशी काम करते

बोलीभाषेत या त्रासाला ‘पित्त झाले’ असे म्हटले जाते. परंतु यकृतात तयार होणारा पित्तरस वेगळा आणि येथे त्रास देणारे जठरातील आम्ल वेगळे. जठराचे अस्तर हे तीव्र आम्ल सहन करू शकते. अन्ननलिकेच्या अस्तराला तसे संरक्षण नसते.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते आणि त्याला बाहेरून श्वासपटलाचा आधार असतो. हे दोन्ही मिळून झडपेचे काम करतात. घास खाली जाताना ही झडप उघडते आणि लगेच मिटते. याखेरीज काही वेळा ती गिळण्याची क्रिया नसतानाही काही सेकंद सैल पडते. ढेकर याच मार्गाने बाहेर पडते, त्यामुळे असे सैल पडणे निरोगी माणसातही घडते. पोट तुडुंब भरून जठराचा वरचा भाग ताणला गेला की त्याचे प्रमाण वाढते आणि त्या संधीत आम्ल वर सरकते.

जेवणानंतरची आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. अन्नाशी मिसळल्यामुळे जठरातील बरेचसे आम्ल सौम्य होते, पण अन्नाच्या थरावर, म्हणजे नेमके झडपेच्या तोंडाशी, ताज्या आम्लाचा एक थर साचून राहतो. भरल्या पोटी लगेच आडवे झाल्यास सर्वप्रथम हाच थर वर येण्याची शक्यता असते.

झोपेत काय थांबते

अन्ननलिकेत आलेले आम्ल शरीर दोन टप्प्यांत काढून टाकते. अन्ननलिकेच्या स्नायूंची एक लाट येते आणि द्रव खाली ढकलते, हा पहिला टप्पा. मात्र अस्तराला चिकटलेला पातळ आम्लथर त्यानंतरही उरतो. तो निष्प्रभ करण्याचे काम लाळेतील बायकार्बोनेट करते, हा दुसरा टप्पा.

अमेरिकेतील संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून हे स्पष्ट झाले. त्यांनी स्वयंसेवकांच्या अन्ननलिकेत १५ मिलिलिटर सौम्य केलेले आम्ल सोडले. स्नायूंच्या एक-दोन लाटांतच जवळजवळ सर्व द्रव जठरात गेला, तरीही अन्ननलिकेतील आम्लता कायम होती. त्यानंतर लाळेचा एकेक घोट गिळला जाऊ लागला, तशी ती पायरीपायरीने उतरली. तोंडातील लाळ नळीने शोषून घेतल्यावर मात्र ही सुधारणा थांबली.

हे दोन्ही टप्पे रात्री मंदावतात. झोपेत लाळ जवळजवळ तयारच होत नाही. जागेपणी आपण साधारण मिनिटाला एकदा नकळत गिळतो, तर झोपेत दोन गिळण्यांमध्ये बराच काळ जातो. उभे किंवा बसलेले असताना गुरुत्वाकर्षण द्रव खाली खेचते, आडवे झाल्यावर तीही मदत मिळत नाही. शिवाय जठरातील आम्लनिर्मितीला स्वतःचे दैनंदिन चक्र असते आणि ती संध्याकाळनंतर वाढून मध्यरात्रीच्या सुमारास अधिक असते. जळजळीची जाणीवही झोपेत बोथट होते. त्यामुळे माणूस जागा होतो तोवर आम्लाने बराच वेळ अन्ननलिकेत काढलेला असतो. काहींना जागही येत नाही. सकाळी बसलेला आवाज, कोरडा खोकला किंवा तोंडातील आंबट चव एवढीच खूण उरते.

पहिला बदल : जेवण आणि झोप यांतील अंतर

साध्या, कमी तेलाच्या जेवणाचा सुमारे निम्मा भाग जठरातून पुढे सरकण्यास साधारण दोन तास लागतात आणि बहुतांश जठर रिकामे होण्यास चार तासांपर्यंत वेळ जातो. तळलेले आणि स्निग्ध अन्न त्याहून अधिक रेंगाळते. रात्री साडेदहाला जेवून अकराला झोपणाऱ्याचे जठर झोपेच्या पहिल्या दोन-तीन तासांत भरलेलेच असते. रात्रीचा त्रास प्रामुख्याने पूर्वरात्री होतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये रिफ्लक्सच्या १४७ रुग्णांची तुलना असा विकार नसलेल्या २९४ जणांशी केली. जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांमध्ये हा विकार आढळण्याची शक्यता, चार किंवा अधिक तासांनी झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सातपटींहून अधिक दिसली. हा प्रयोग नसून दोन गटांची तुलना होती. त्यामुळे सगळा फरक केवळ वेळेमुळे पडला असे म्हणता येत नाही. तरीही जठर रिकामे होण्याच्या वेळेशी हा निष्कर्ष जुळतो आणि झोपण्यापूर्वी किमान तीन तास आधी जेवावे, या सल्ल्याला त्यामुळे आधार मिळतो.

जेवणानंतरची शतपावली चांगली, पण ती या अंतराची जागा घेऊ शकत नाही. दहा मिनिटे चालून लगेच आडवे झाल्यास जठर भरलेलेच राहते. शतपावलीचा खरा उपयोग शरीर उभे राहते आणि झोप लांबते, यात आहे. भरल्या पोटी धावणे किंवा वाकून करण्याचे व्यायाम मात्र टाळावेत. त्यांनी पोटावरील दाब वाढून आम्ल वर येते.

दुसरा बदल : पलंगाला उतार

उशाकडील बाजू उंच करण्याचा उपाय जुना आहे आणि त्याची चाचणी भारतातही झाली आहे. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी रात्रीच्या रिफ्लक्सने त्रस्त २० रुग्णांच्या पलंगाखाली उशाकडे २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवले आणि आधी व नंतर अन्ननलिकेतील आम्लता मोजली. त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आडव्या स्थितीतील एकूण वेळेपैकी अन्ननलिकेत आम्ल असण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर आले. आम्ल निघून जाण्यास लागणारा वेळ ३.८ मिनिटांवरून ३ मिनिटांवर आला आणि ६५ टक्के रुग्णांची झोपमोड कमी झाली.

या आकड्यांचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. आम्ल वर येणे थांबले नाही, ते निघून जाण्याचा वेग वाढला. सुधारणा माफक होती, रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. पण उपाय जवळजवळ बिनखर्चाचा आहे आणि तो औषधांसोबतही चालतो.

येथे सर्वाधिक चूक उशांच्या बाबतीत होते. दोन-तीन उशा डोक्याखाली घेतल्याने मान वर होते, शरीर कमरेत दुमडते आणि पोटावरील दाब उलट वाढतो. उतार कमरेपासून डोक्यापर्यंत सलग हवा. लाकडी किंवा लोखंडी पलंगाच्या उशाकडील दोन्ही पायांखाली विटा अथवा ठोकळे ठेवून १५ ते २० सेंटिमीटर उंची साधता येते. पाय घसरणार नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या असतील, हे तपासून घ्यावे. खाली सामान ठेवण्याचे कप्पे असलेल्या पेटीपलंगाला किंवा जमिनीवरील गादीला ही युक्ती लागू पडत नाही. तेथे पाचरीच्या आकाराची घट्ट फोमची उशी वापरावी आणि ती पाठीच्या मध्यापर्यंत येईल एवढी लांब असावी. रात्री शरीर घसरून खाली येत असेल तर उतार जास्त झाला असे समजून उंची थोडी कमी करावी. तान्ह्या बाळांसाठी मात्र हा उपाय करू नये. त्यांना सपाट पृष्ठभागावर पाठीवरच झोपवणे सुरक्षित असते.

तिसरा बदल : डावी कूस

जठराचा मोठा फुगीर भाग शरीराच्या डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला उजव्या अंगाने मिळते. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातील द्रव खाली, त्या फुगीर भागात साचतो आणि झडप त्याच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर परिस्थिती उलटते व झडप द्रवाच्या पातळीखाली जाते.

ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५७ जणांची झोपेतील कूस आणि अन्ननलिकेतील आम्लता एकाच वेळी नोंदवली. आम्ल वर येण्याच्या प्रसंगांची संख्या कुशीनुसार फारशी बदलली नाही. आम्ल निघून जाण्याचा मध्यम कालावधी मात्र डाव्या कुशीवर ३५ सेकंद, पाठीवर ७६ सेकंद आणि उजव्या कुशीवर ९० सेकंद होता. रात्रीचा प्रश्न आम्ल वर येण्यापेक्षा ते साफ होण्याचा आहे, हे येथेही दिसते.

मराठीत दुपारच्या विश्रांतीला ‘वामकुक्षी’ म्हणतात आणि या शब्दाचा अर्थच डावी कूस असा आहे. मात्र जेवल्याबरोबर आडवे होण्यास हा शब्द परवाना देत नाही. आडवे व्हावेच लागले तर डावीकडे वळावे, एवढाच बोध त्यातून घेता येईल.

झोपेत माणूस कूस बदलतोच. त्यामुळे रात्रभर डावीकडेच राहण्याचा हट्ट निरुपयोगी ठरतो. पाठीमागे लांब लोड किंवा तक्क्या ठेवल्यास उजवीकडे वळणे कमी होते. पहिले दोन-तीन तास डाव्या कुशीवर गेले तरी त्रासाचा मुख्य काळ टळतो. डाव्या खांद्याचे दुखणे असलेल्यांनी पलंगाच्या उतारावर अधिक भिस्त ठेवावी.

पोटावरील दाब आणि वजन

पोटाच्या पोकळीतील दाब वाढला की जठरातील द्रव वर ढकलला जातो. घट्ट पट्टा बांधल्यावर अन्ननलिकेत आलेले आम्ल निघून जाण्यास अधिक वेळ लागतो, असे ग्लासगो येथील प्रयोगांत दिसून आले आहे. रात्री परकराची किंवा लेंग्याची नाडी सैल बांधावी, हा सल्ला त्यामुळे अगदीच किरकोळ नाही.

पोटाभोवतीची चरबी हा दाब दिवसरात्र टिकवून ठेवते. नॉर्वेतील मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीत, वजन जितके घटले तितकी लक्षणे कमी झाल्याचे आढळले. बॉडी मास इंडेक्स साडेतीन अंकांहून अधिक उतरलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही घट सुमारे साडेनऊ किलोची होते. तिला महिने लागतात, म्हणून तोवर वेळ, उतार आणि कूस यांचा आधार घ्यावा लागतो. मुळात वजन योग्य असणाऱ्यांनी केवळ या त्रासासाठी वजन घटवण्याचे कारण नाही.

दुधाचा पेला आणि गोळीची वेळ

झोपण्यापूर्वी थंड दूध पिण्याची सवय देशभर आहे. दूध घशाखाली उतरताना आम्ल काही काळ सौम्य होते आणि बरे वाटते. पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम जठराला अधिक आम्ल तयार करण्यास उद्युक्त करतात. शिवाय झोपेच्या तोंडावर जठरात पुन्हा काहीतरी भरले जाते. दूध घ्यायचेच असेल तर ते जेवणाबरोबर घ्यावे.

पदार्थांच्या लांबलचक यादीचा आधारही वाटतो तितका भक्कम नाही. उपलब्ध चाचण्यांचा आढावा २००६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी घेतला. त्यात वजन घटवणे आणि पलंगाची उशाकडील बाजू उंचावणे यांचा लाभ दिसला, विशिष्ट पदार्थ सोडल्याने होणाऱ्या लाभाचा पुरेसा पुरावा मात्र मिळाला नाही. मिरची कोणालाच बाधत नाही, असा याचा अर्थ नव्हे. ज्याला जो पदार्थ वारंवार बाधतो त्याने तो रात्री टाळावा. सर्वांनी सर्वच सोडावे, असे म्हणण्यास आधार नाही. तंबाखू आणि मद्य सोडण्याची इतर कारणे अर्थातच भक्कम आहेत.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्यांच्या बाबतीतही सवयीची चूक होते. जठरातील आम्लपंप जेवणाच्या वेळी कार्यरत होतात आणि ही औषधे कार्यरत पंपांनाच रोखतात. म्हणून ती जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असतात. जेवून झाल्यावर किंवा झोपताना घेतल्यास त्यांचा परिणाम उणावतो. त्रास मुख्यतः रात्रीचा असेल तर गोळी सकाळऐवजी रात्रीच्या जेवणापूर्वी घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

उशिरा घरी परतणाऱ्यांनी काय करावे

हे सारे दुकानदार, पाळीतील कामगार किंवा दूरचा प्रवास करून परतणाऱ्यांना कसे जमावे, हा रास्त प्रश्न आहे. उदाहरणादाखल रात्री साडेनऊला दुकान बंद करणारी एक व्यक्ती घेऊ. ती दहाला घरी पोहोचते, सव्वादहाला पोळी, भाजी, वरण-भात असे पूर्ण जेवण घेते, अकराला झोपते आणि साडेबाराच्या सुमारास जळजळीने जागी होते. जेवण आणि झोप यांत जेमतेम पाऊण तास आहे. तिने सात वाजता जेवावे असे सांगणे सोपे आहे, पाळणे अशक्य आहे.

येथे जेवणाची विभागणी उपयोगी पडते. पोळी-भाजीचा डबा दुकानातच साडेसहा-सातला खाल्ला आणि घरी आल्यावर केवळ वाटीभर मऊ, कमी तुपाची मुगाची खिचडी घेतली, तर मुख्य जेवण आणि झोप यांत चार तास पडतात. झोपताना जठरात थोडेच अन्न असते. पहिल्या दोन आठवड्यांत एवढाच बदल करावा आणि रोज सकाळी रात्री किती वेळा जाग आली, किती वाजता आली व घशाशी आंबट पाणी आले का, या तीन गोष्टी वहीत टिपाव्यात. पुढील दोन आठवड्यांत पलंगाला उतार द्यावा, त्यानंतर डाव्या कुशीचा सराव करावा. सर्व बदल एकदम केल्यास नेमका कशाचा उपयोग झाला ते कळत नाही आणि कंटाळून सारेच सुटते. जाग येण्याची वेळ साडेबाराऐवजी पहाटेकडे सरकली किंवा आठवड्यातील पाच रात्रींचा त्रास दोनवर आला, तर दिशा योग्य आहे असे समजावे.

केव्हा थांबू नये

छातीतील प्रत्येक जळजळ आम्लाचीच असते असे नाही. वेदना दाबल्यासारखी वाटत असेल, हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, सोबत घाम, धाप किंवा गरगरणे असेल, तर ती हृदयविकाराची खूण असू शकते. अशा वेळी आम्लनाशक घेऊन वाट पाहण्याऐवजी तातडीने रुग्णालय गाठावे.

घास अडकणे, गिळताना दुखणे, विनाकारण वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा रक्तक्षय आढळल्यास सवयींचे प्रयोग न करता तपासणी करून घ्यावी. आठवड्यातून दोन किंवा अधिक रात्री झोप मोडत असेल आणि महिना-दीड महिन्याच्या बदलांनंतरही फरक नसेल, तरी डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकारावरील काही औषधे झडप सैल करतात. त्यांची यादी सोबत न्यावी, पण ती स्वतःहून बंद करू नयेत. त्रासाच्या वेळा टिपलेली वही सोबत नेल्यास जेवण, झोप आणि जळजळ यांचा संबंध डॉक्टरांना लवकर कळतो व औषधाची वेळ ठरवणे सोपे जाते.